साईनगरच्या काकूंनी चक्क फी घेतली!

ऐकलंत का? साईनगरातल्या एका काकूंनी आरीवर्क शिकवायचे पैसे घ्यायला सुरुवात केली आहे. तेही चारशे नव्याण्णव, आगाऊ, क्यूआर कोडवर! ज्या अमरावतीत शेजारीण न बोलावता पापड लाटायला येऊन बसते, त्या अमरावतीत! भिशीत बातमी फुटली तेव्हा एकीचा गिला वडा हातातच राहिला. "काहून वं बाई, आता सुई धराचंही तिकीट लागते काय?"

लागतं. इकडे राजापेठेपासून तिकडे अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत वेबिनारची साथ आहे. केक झाले, साडीच्या तयार निऱ्या झाल्या, गच्चीवरची वांगीही झाली. पण काकूंचं प्रकरण जास्त खमंग, कारण बाईंनी हिशेब मांडून गुन्हा केला आहे.

आधी त्यांनी नुसतं 'आरीवर्क शिका' असं जाहीर केलं. लगेच मागण्या: बाहीवर मोर, पाठीवर पालखी, जमल्यास जरदोसी. दोन तासांत! मग काकूंनी विषय छाटला. फक्त साखळी टाका आणि गळ्याची एक किनार. आरीत कापड फ्रेमवर ताणलेलं, सुई वरून आणि धागा कापडाखाली डाव्या हातात. सुई आत गेली की तिच्या आकडीत धागा अडकवायचा, सुई किंचित फिरवून वर काढायची. नवशिकीचं सगळं बिघडतं ते कापडाखाली. धागा सैल राहिला तर आकडीतून निसटतो, सुई फिरवली नाही तर आकडी कापडालाच धरून बसते. एवढं दोन तासांत हाताला बसवता येतं. मोर नाही.

आता पुढचा कहर. पहिल्या वर्गात मोबाइल वर टांगलेला, म्हणजे दिसतो फक्त उजवा हात! विद्या सगळी खाली आणि बायका बघताहेत बांगड्या. तेव्हापासून फ्रेमखाली दुसरा मोबाइल असतो, त्याच मीटिंगमध्ये जोडलेला, आवाज मात्र पूर्ण बंद, नाहीतर शिट्ट्या ऐकू येतात. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग चाळीस मिनिटांत मिटते. गूगल मीट तीन किंवा अधिक जण असले तरी तासभर चालू देतं, पण वर्ग दोन तासांचा. सुई आत, धागा बाहेर यायचा आणि पडदा काळा! काकूंनी शेवटी झूमचे महिन्याचे पैसे भरले. रेकॉर्डिंग यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलं, तर ते अकोल्याच्या एका नणंदेने यवतमाळच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं. लिंक असेल त्याला ते दिसतंच. आता ते 'प्रायव्हेट' आहे, ज्यांनी पैसे भरले त्यांच्याच ईमेलला उघडतं.

"पण ४९९ काहून? तिकडे तर ९९ मध्ये शिकवतात!" शिकवतात तर! 'मूळ किंमत ४,९९९, आज फक्त ९९, तीनच जागा!' वेबिनारला जागा कसल्या मोजता, कोणी पायरीवर बसणार होतं का? अशा खोट्या घाईला सरकारने २०२३ मध्ये फसव्या युक्त्यांच्या यादीत घातलं आहे. त्या ९९ मध्ये पहिला तास 'माझा प्रवास', दुसऱ्यात मोठ्या कोर्सची किंमत. सुई कुठेच नाही. काकूंच्या ४९९ मधले १८० फ्रेम, सुई, कापड आणि धाग्याला जातात, ६० कुरियरला. उरतात २५९. त्यातून झूम, दोन मोबाइलचे स्टँड आणि काकूंचे दोन तास. लूटच म्हणायची!

आणि रिफंड! एका बाईंनी वर्ग पूर्ण केला, मग 'मला जमलं नाही, पैसे परत' असा मेसेज टाकला. त्याच संध्याकाळी त्यांच्या स्टेटसवर नवा गळा झळकला. काकूंनी त्याच रात्री नियम लिहिले आणि ते क्यूआर कोडच्या वर चिकटवले, म्हणजे पैसे भरायच्या आधी डोळ्यांपुढे येतील. किट निघालं नसेल तर पूर्ण रक्कम परत. निघालं असेल तर साहित्य आणि कुरियरचे २४० कापून २५९ परत. वर्गाला बसलात तर परत नाही. मात्र लाइट काकूंकडचे गेले आणि वर्ग फिसकटला, तर पूर्ण पैसे किंवा पुढची बॅच, निवड तुमची. भाचा म्हणाला होता, सरळ 'रिफंड नाही' लिही. पण सेवेतच खोट असेल तर त्या दोन शब्दांच्या आड लपता येत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात असे पैसे अडवून ठेवणं अनुचित व्यापार प्रथेत मोडतं, आणि पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवसांत ते द्यावे लागतात.

स्टेटसवाल्या बाईंना अर्थात काही मिळालं नाही. जुन्या बॅचला हे नियम नव्हते, पण सेवेत खोटही नव्हती. भिशीत त्या अजून सांगत फिरतात, "साऱ्या गावाले लुटते ते बाई!" परवा मात्र मणीकामाच्या बॅचला त्यांनीच सुनेचं नाव घातलं. पूर्ण ४९९, घासाघीस न करता. मेसेजच्या शेवटी एवढंच लिहिलं होतं: "भिशीत सांगजो नको."