आभारप्रदर्शक नवरदेव

वणीकडं लग्न बहुधा नवरीच्या गावी लागतं आणि एक-दोन दिवसांनी नवरदेवाकडं रिसेप्शन होतं. रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास लॉनवरचा साऊंडवाला गाणं बंद करतो, निवेदक म्हणतो, “आता आपले नवरदेव दोन शब्द बोलतील,” आणि एरवी अगदी साधा असलेला एक माणूस आपल्या डोळ्यांदेखत बदलतो. वर्षभर तो वेकोलिच्या खाणीत शिफ्ट करतो किंवा पतसंस्थेत खाती लिहितो. पानठेल्यावर खर्रा घोटला जाईस्तोवर मित्रांना “काय बे” म्हणत चार किस्से सांगतो आणि त्यातला एकही फसत नाही. माइक हातात आला, की त्याच तोंडून येतं, “सर्वप्रथम, या मंगलप्रसंगी व्यासपीठावर उपस्थित असलेल्या सर्व मान्यवरांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.” व्यासपीठावर त्या वेळी एकच मखमली सोफा असतो आणि त्यावर मान्यवर म्हणाल तर त्याची बायको एकटीच बसलेली असते.

लोक म्हणतात, पोरगा लाजला. मला ते पटत नाही. लाजणारा माणूस बोलणं आखडतं घेतो, हा तर चार मिनिटं बोलतो. चार मिनिटांत बावीस-तेवीस नावं घेतो आणि ‘यथोचित’ हा शब्द दोनदा, दोन्ही वेळा चुकीच्या जागी, वापरतो. तो लाजत नाही, कृतघ्नही नाही. चारचौघांत उभं राहून बोलण्याचा एकच नमुना त्यानं आयुष्यात पाहिला आहे, तो म्हणजे आभारप्रदर्शन. शाळेचं स्नेहसंमेलन, गणेश मंडळाचा बक्षीस समारंभ, साहेबांचा निरोप, सगळीकडं शेवटी कुणीतरी कागद घेऊन उठतं आणि सभा पांगत असताना नावं वाचतं. त्या कागदाचा साचा ठरलेला असतो: आधी पद, मग पैसा, मग मांडव, मग ‘ज्ञात-अज्ञात’. नवरदेव तोच साचा लग्नावर बसवतो आणि त्या साच्यात बायकोसाठी रकानाच नसतो.

त्याच्या भाषणातला क्रम नीट ऐकला तर पुरावा तिथंच सापडतो. पहिलं नाव आमदारांचं असतं. ते पाच मिनिटं येऊन फोटो काढून पुढच्या लग्नाला गेलेले असतात. दुसरं खाणीतल्या मॅनेजरसाहेबांचं. मग बाबांचे मित्र, मग “ज्यांनी हे लॉन सवलतीत दिलं ते,” मग डेकोरेशन, मग केटरर. सासरचे येतात ते सतराव्या-अठराव्या नंबरला, तेही “वधूपक्ष” म्हणून, जणू विरोधी पक्षानं सभात्याग न केल्याबद्दल आभार चालले आहेत. सख्ख्या आईवडिलांचं “ऋण शब्दांत व्यक्त करता येणार नाही,” असं म्हणून तो ते खरोखरच व्यक्त करत नाही. इथवर येईस्तोवर, ज्यावरून तो नावं वाचतो त्या मोबाईलची स्क्रीन एकदा काळी पडते, एकदा त्यावर कुणाचा तरी “रस्ता कोणता?” असा फोन येतो. अगदी शेवटी, माइक परत देता देता, “तसेच माझी अर्धांगिनी हिचेही आभार.” तिचं नाव राहतं. केटररचं मात्र तो मोबाईल नंबर सोडून सगळं सांगतो.

आपल्याकडं रीतच नाही, असं यावर कुणी म्हणेल. घरच्या माणसांचे आभार मानले की माया परकी होते, आणि बायकोबद्दल माइकवर बोलणं म्हणजे टीव्हीवरच्या मालिकांचं खूळ. आक्षेपाचा पहिला भाग अर्धा खरा आहे, दुसरा मुळीच नाही. आपली रीत नवराबायकोला चारचौघांत गप्प बसवणारी नव्हतीच. उखाणा तिनं घ्यायचा असतो तसा त्यानंही घ्यायचा असतो, आणि नाव अडलं तर करवल्या वाट सोडत नाहीत. जोतीराव फुल्यांनी 1887 साली सत्यशोधक पूजाविधीची पुस्तिका काढली. तिच्यात मंगलाष्टकं भटजीनं म्हणायची नसून वधूवरांनीच एकमेकांना म्हणायची आहेत. वधू स्त्रियांच्या हक्कांची गोष्ट काढते आणि वराला सगळ्यांसमोर वचन द्यावं लागतं. सरकारसुद्धा या बाबतीत आपल्या नवरदेवापेक्षा रसिक आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात लग्न कोणत्याही पद्धतीनं लागू शकतं, पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकारल्याचं एक वाक्य बोलावंच लागतं. त्या वाक्यात ना आमदार, ना केटरर. आणि वक्तृत्वाचं म्हणाल, तर वणी हे लोकनायक बापूजी अण्यांचं जन्मगाव. त्यांनी टिळकांचं चरित्र संस्कृत पद्यात लिहिलं, तेही तीन खंडांत. त्यांच्या गावच्या माणसाला बायकोसाठी मराठी गद्यात तीन वाक्यं जड जाऊ नयेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नावं घेतली नाहीत तर माणसं रुसतात. भावकीतले मोठेबाबा जेवणाच्या ताटावरून उठून जातील, आणि ते उठले की त्यांच्यामागे तीन घरं उठतात. खरं आहे, पण नीट बघा, रुसवा यादीतूनच जन्मतो. बावीस नावं घेतली की तेविसावा माणूस वगळला गेला, असं गणित लगेच तयार होतं. एकही नाव घेतलं नाही तर कुणीच वगळलं जात नाही. म्हणून नावाऐवजी काम सांगावं. “मे महिन्याच्या उन्हात ज्यांनी पाण्याच्या टँकरमागं दोन दिवस काढले,” एवढं म्हटलं की खरे मोठेबाबा तर मिशीला हात लावतातच, पण टँकर ज्यांनी पाहिलासुद्धा नाही असे चारजण शेजाऱ्याकडं सूचक बघून घेतात. एका वाक्यात पाच माणसं खूश होतात. यादीला हे कधी जमलेलं नाही.

मग भाषण काय व्हावं? आहे त्याच माणसानं, पानठेल्यावरच्याच आवाजात, साधारण असं बोलावं: “मामाजी, सासूबाई, तुमची पोरगी आमच्या घरी आली, पण तिचा तुमच्या घरचा हक्क काही संपला नाही. कधीही न्या, कधीही या. आई-बाबा, तुमी कर्ज काढून मले शिकवलं, ते मले माहीत आहे, तुमी सांगितलं नाही तरी. दोन्ही घरच्या पोरांनी रात्रभर खुर्च्या वाहिल्या, त्यायनं आधी जेवून घ्यावं. आणि...” इथं बायकोकडं तोंड करावं, कॅमेऱ्याकडं नाही, आणि तिचं माहेरचं नाव घ्यावं. “तू आपली नोकरी, आपलं गाव सोडून आली. आता मी कायची सवय बदलू ते तू सांग.” मिनिटभरात संपतं. ‘यथोचित’ कुठंच लागत नाही.

एवढ्यानं संपत नाही, कारण प्रश्न विचारला की उत्तरासाठी माइक द्यावा लागतो. इथं नवरदेव घाबरतो आणि त्याची आई त्याहून जास्त. बायको काय बोलेल? कदाचित नुसतं हसेल, कदाचित उखाणा घेईल, कदाचित खर्ऱ्याचं नाव काढेल. काढू द्यावं, टाळ्या तिथंच पडतात. फक्त हे सगळं केटररनं झाकणं उघडायच्या आत आटपावं. एकदा जिलेबीचा घाणा सुरू झाला, की वणीत आमदारांनाही कुणी ऐकत नाही.