वन्सं, नाव आमचं ठरलंय!

मराठी घरात नणंद ढवळाढवळ करते अशी तक्रार सगळेच करतात, पण तिला हे खातं रीतसर वाटून दिलेलं असतं, हे कोणी लक्षात घेत नाही. भावाच्या लग्नात ती करवली म्हणून मिरवते. नवी नवरी उंबऱ्यावर येते तेव्हा दार अडवून उभी राहते आणि अजून जन्मालाही न आलेली मुलगी आपल्या मुलासाठी मागून घेते. पुढे मूल झालं की त्याच्या कानात कुर्र करण्याचा मान तिचाच. एवढे अधिकार देऊन मग “तुम्ही आमच्यात पडू नका” म्हणायचं, म्हणजे गृहमंत्र्याला पोलिसांविषयी बोलू नका म्हणण्यासारखंच.

संत एकनाथांनी सोळाव्या शतकातच हा प्रश्न हाताळला होता. त्यांच्या भारुडातली सून भवानीआईकडे सगळ्या सासरचा बंदोबस्त मागते, तेव्हा नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी, अशीही मागणी घालते. रूपक अध्यात्माचं असलं, तरी ऐकणाऱ्या बायका कशाला हसत आल्या, हे सांगायला कीर्तनकार लागत नाही.

हल्लीच्या घरांत खरूज हा व्यवहार्य तोडगा नव्हे. तेव्हा एक प्रसंग घ्या, बारशाचाच. पुण्यातलं जोडपं, पहिली मुलगी. दोघांनी महिनोन्‌महिने घोळवून ‘रेवा’ हे नाव नक्की केलंय. बाळ आठ दिवसांचं असताना मुलीची आत्या पंचांग घेऊन येते. बाळ रोहिणी नक्षत्रावर जन्मलंय, चरणाक्षरं ओ, वा, वी, वू. तेव्हा ‘रे’ कुठून आलं? ते तर स्वातीचं! नाव ‘विभावरी’ ठेवायचं. शिवाय तिने फॅमिली ग्रुपवर ते टाकूनही दिलंय, आणि नागपूरच्या काकांचा अंगठा वर झालाय.

इथे नवऱ्याची परीक्षा असते, आणि बहुतेक नवरे पहिल्याच प्रश्नात नापास होतात. ताईला तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येतं, म्हणून तो म्हणतो, “मला चालेल गं, पण हिला ते जरा लांबलचक वाटतंय.” या एका वाक्याने बाळंतीण खलनायिका होते. ताई घरी जाऊन आईला सांगते, आई फोनवर सुनेला म्हणते, “तुला नाही का आवडलं? राहू दे हो, आजकाल तुमचंच चालतं,” आणि पांढरं निशाण दाखवणारा हा गृहस्थ बाहेर मॅच बघत बसतो. रात्री बायको विचारते, “नाव तुलाही नको होतं ना? मग तसं का नाही सांगितलंस?” यावर त्याचं उत्तर असतं, “अगं, ती मोठी आहे.” मोठेपणाचं वय बाळाच्या नावाशी नेमकं कुठे जोडलं जातं, हे तो सांगू शकत नाही.

मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबांचा अभ्यास करून मांडलं होतं की दोन माणसांमध्ये ताण वाढला की ती तिसऱ्याला आत ओढतात आणि त्रिकोण तयार होतो. बारशाच्या घरातला ताण खरं तर बहीण-भावाचा असतो. भाऊ आता कोणाचं ऐकतो, हा तो प्रश्न. बायको फक्त त्रिकोणाचा तिसरा कोपरा होऊन बसते, तेही टाके ओले असताना.

म्हणून बोलायचं त्याने, ज्याची बहीण आहे. बायकोचा भाऊ गाडी कोणती घ्यावी हे ठरवायला लागला तर बोलायचं बायकोने. लग्नात जावयाचा कान पिळायचा मान त्या मेहुण्याचा, पण तो तेवढ्यापुरताच.

बोलायचं कधी, हेही महत्त्वाचं. बारशाच्या दिवशी, हॉलमध्ये, घुगऱ्यांच्या पातेल्याशेजारी नव्हे. तिथे ताईची माघार म्हणजे साठ माणसांसमोरची नाचक्की. ती माघार घेणारच नाही, आणि आपणही घेणार नसू. चार दिवस आधी, एकट्याने, फोन करून. ग्रुपवर तर मुळीच नको, कारण तिथे नागपूरचे काका आहेत. वाक्य साधं हवं: “ताई, आम्ही दोघांनी रेवा ठरवलंय. पाळण्यात नाव तूच सांगायचंस.” यात ‘ही म्हणते’ नाही, ‘तुला काय वाटतं’ही नाही. शेवटचा तो प्रश्न सौजन्य म्हणून विचारला जातो आणि मग दीड तास उत्तर येतं. तिच्या मानाला धक्का नाही, निर्णय मात्र तिच्या हातात नाही, एवढं तिला पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

मग नक्षत्राचं काय? इथे आपल्या जुन्या लोकांची हुशारी मानावी लागते. नामकरणाच्या विधीत एकच नाव नसतंच. तांदूळ पसरलेल्या ताटात सोन्याच्या अंगठीने बाप कुलदेवतेवरचं नाव लिहितो, महिन्यावरचं लिहितो, नक्षत्रावरचं लिहितो आणि चौथं, व्यवहारातलं. म्हणजे विभावरीला ताटात रीतसर जागा आहे. भावाने ती आपणहून देऊ करावी: “नक्षत्रनाव तू सुचवलेलंच लिहू.” पंचांगाचा मुद्दा निकालात, आणि शाळेत हजेरी देणारी मुलगी रेवाच. काही घरांत ताई यावरही खूश होत नाही. तिला ताट नको असतं, दाखला हवा असतो. अशा वेळी दुसऱ्यांदा तेच वाक्य तेवढ्याच आवाजात सांगायचं, नवं कारण जोडायचं नाही. कारण जोडलं की ते खोडता येतं.

आणि दाखल्याची गंमत अशी की तिथे आत्येला रकानाच नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली २१ दिवसांत कळवायचा असतो तो जन्म. नाव त्या वेळी नसलं तरी चालतं. रुग्णालयातला जन्म रुग्णालयच कळवतं. नाव नंतर आई-बाप किंवा पालकाने द्यायचं, बारा महिन्यांपर्यंत फुकट, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे बारशाच्या हॉलमधला गोंधळ पाहून कोणी घाबरून अर्ज भरायची गरज नसते. एकदा नोंदलेलं नाव बदलणं मात्र कटकटीचं, म्हणून घरातला वाद मिटल्यावरच पालिकेच्या कार्यालयात जावं. तिथल्या खिडकीवरच्या बाईंना विभावरीची बाजू ऐकायला वेळ नसतो.

एक गोष्ट ताईच्या बाजूने. डोहाळजेवणाच्या ताटापासून दवाखान्यातल्या रात्रीच्या पाळीपर्यंत जिला बोलावलं, तिला नावापाशी एकदम बाहेर उभं केलं तर तिला लागणारच. मदत मागताना ती घरची आणि मत देताना परकी, हा हिशेब कोणालाही खटकेल. म्हणून कुठे तिचं मत खरोखरच हवंय, ते आधी सांगून टाकावं. बाळाला पहिला ताप आला की कोणाला फोन लावायचा? तिलाच. तिच्या दोन मुलांच्या तापांचा अनुभव आपल्या दोघांच्या पदव्यांपेक्षा जास्त आहे. तो प्रांत तिचा, हे तोंडाने कबूल केलं की नावाचा प्रांत सोडणं तिला फारसं जड जात नाही.

बारशाच्या दिवशी आत्या पाळण्यापाशी वाकते, कुर्र करते आणि ‘रेवा’ असं खणखणीत म्हणते. बायका पाठीवर धपाटे घालतात, साडी मिळते, घुगऱ्या वाटल्या जातात. पदर सावरत ती भावाला बाजूला घेते आणि विचारते, “बरं, कान कधी टोचायचे? माझ्या ओळखीचा सोनार आहे, रविवारी येतो म्हणालाय.”

“ताई,” भाऊ म्हणतो, “आम्ही ठरवून सांगतो.”

“सांग,” ती म्हणते, “पण रविवारच्या आत.”