उपरोक्त विषयास अनुसरून

तक्रार करणारे बाप घरोघरी असतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा मात्र तक्रार करत नाहीत, सादर करतात. महापालिकेच्या अतिक्रमण विभागात त्यांनी इतकी वर्षं काढली आहेत, की वहिनींशी दुधाच्या हिशेबावरून बोलतानाही त्यांना विषय आणि संदर्भ लागतो. अशा माणसाच्या मुलाने मोबाइलवरच्या गेममध्ये परस्पर हिरे विकत घ्यावेत, यात दैवाचा विनोद आहे. फक्त त्याचं टंकलेखन माझ्या वाट्याला आलं.

चिरंजीवांनी आधी 89 रुपयांचे हिरे घेतले. कोणी काही बोललं नाही, म्हणून 449 चे. मग 1,799 ची पेटी, आणि तीच पुन्हा. एकूण 4,136 रुपये. फोन अण्णांचा, खातं अण्णांचं, यूपीआयही अण्णांचं. पिन मुलाला कसा कळला, याची अण्णांनी चौकशी समिती नेमायचीच बाकी ठेवली होती. वास्तविक किराणा दुकानात पिन दाबताना ते प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणतात. आमच्या गल्लीत तो पिन माहीत नाही असं पोर शोधावं लागेल.

बँकेचे एसएमएस अण्णा वाचत नाहीत. ते पासबुक भरून आणतात, तेही महिनाअखेरीस. तोवर प्ले स्टोअरवरून थेट परतावा मागायची 48 तासांची मुदत उलटून गेली होती. त्यानंतर दार ठोठावायचं ते गेम बनवणाऱ्या कंपनीचं, आणि तिथे मर्जी तिची.

"कोणीतरी खातं हॅक केलं म्हणा की," तळमजल्यावरच्या एका हितचिंतकांनी सुचवलं.

"खोटं निवेदन?" अण्णा असे उसळले, की ते गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. अण्णांचं म्हणणं व्यवहारातही बरोबर होतं. घरच्याच माणसाने केलेली खरेदी परक्याच्या नावावर खपवली, बँकेकडून पैसे ओढून घेतले, तर गेमवाले खातंच बंद करून टाकतात.

मग अर्ज तयार झाला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, माझ्या अज्ञान पाल्याने...' सोबत शाळेचा बोनाफाइड, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि आधारकार्ड, तेही दोन्ही बाजूंनी. आधार मी हट्टाने काढायला लावलं. परताव्यासाठी ते कोणी मागत नाही. "मग त्यांना ओळख कशी पटायची?" अण्णा आठवडाभर माझ्याशी फटकून होते.

अर्ज गेला. क्षणात उत्तर आलं: 'नमस्कार, चीफ!' यंत्राने सगळ्यांनाच पाठवलेलं. पण खात्यात अण्णांची बढती कधीची अडली होती. त्यांनी ते उत्तर वहिनींना दोनदा वाचून दाखवलं.

खालच्या ओळीत कंपनीने विचारलं होतं: ऑर्डर क्रमांक? अण्णांच्या सात पानांत तेवढंच नव्हतं. तो प्ले स्टोअरकडून ईमेलने आलेल्या पावतीवर असतो, GPA. या अक्षरांनी सुरू होतो, आणि प्रत्येक खरेदीचा वेगळा. पावत्या शोधल्या. चार क्रमांक, चार तारखा, रकमा आणि मुलाचा खेळाडू क्रमांक एवढं लिहिलं, की मजकूर पोस्टकार्डावर मावला असता. "याला अर्ज म्हणतात?" अण्णा म्हणाले आणि वर स्वतःच्या हाताने 'उपरोक्त विषयास अनुसरून' घातलं.

कंपनीचं पुढचं पत्र माणसाने लिहिलेलं होतं. परतावा दिला, तर हिरे परत घेतले जातील. खर्च झाले असतील, तर शिल्लक वजा होईल आणि ती भरेपर्यंत नवं बांधकाम करता येणार नाही. अण्णांनी मुलाला बोलावून त्याचं गाव दाखवायला लावलं. तटबंदी, तोफा, सोन्याची कोठारं. पोराने तीन वर्षं थोडं थोडं करून बांधलेलं. हिऱ्यांनी फक्त शेवटचा बुरूज लवकर उठला होता.

अण्णा बराच वेळ बोटाने गाव सरकवत राहिले. मग मला म्हणाले, "लिहा. रक्कम कमी आली तरी चालेल, पण पाल्याचं विद्यमान बांधकाम पाडू नये. पाल्य मूळचा प्रामाणिक आहे, विचारल्यावर त्याने सगळं कबूल केलं."

ज्यांच्या सहीने निम्म्या शहरातल्या टपऱ्या उठल्या, त्यांचं हे वाक्य मी निमूट टाइप केलं. टपरीवाल्यांचे असे अर्ज त्यांच्या टेबलावर किती येत असतील, ते विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

दोन मोठ्या पेट्यांचे 3,598 रुपये परत आले. गाव उभं आहे, शिल्लक वजा आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये आता प्रत्येक खरेदीला पडताळणी लागते आणि यूपीआयचा पिनही बदलला आहे. नवा पिन काल किराणा दुकानात आम्ही सगळ्यांनी ऐकला. उरलेल्या 538 रुपयांसाठी अण्णांनी प्रथम अपील तयार केलं आहे. विषय आणि संदर्भ लिहून झाले, बाकी मजकूर मी टाइप करायचा आहे.