भाच्याला जर्मन येतं

निर्यातदाराच्या कचेरीत भाषांतराचं काम मागायला जाणाऱ्याने एक सत्य आधीच पचवून ठेवावं. शेठचा भाचा पुण्यात जर्मन शिकत असतो. माल आखातात जात असेल तर तोच भाचा दुबईत नोकरीला असतो. त्याच्याशी वैर धरू नये. 'वा, म्हणजे तपासायला घरचंच माणूस आहे!' असं म्हणावं आणि खुर्ची ओढून बसावं.

'लोकलायझेशन' हा शब्द चहा येईपर्यंत तोंडातून काढू नये. आल्यावरही काढू नये.

मग शेठ म्हणतील, "अहो, लोणच्याच्या बाटलीवर लिहायचं ते काय? कैरी, तेल, मीठ, मसाला. चार शब्द!" इथे वाद न घालता बाटली हातात घ्यावी, चष्मा चढवावा आणि हळूच विचारावं, "तेल कसलं?"

तेल शेंगदाण्याचं असतं. कैरीचं लोणचं जर्मनीला निघालंय, आणि युरोपीय संघाच्या 1169/2011 या नियमात अ‍ॅलर्जी आणणाऱ्या चौदा पदार्थांची यादी आहे. शेंगदाणा त्यात आहे. मोहरीही आहे, आणि मोहरीविना लोणचं घालणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. ही नावं घटकांच्या यादीत ठळक अक्षरात किंवा वेगळी उठून दिसतील अशी छापावी लागतात. 'मसाला' या शब्दाच्या पोटात मोहरी दडवता येत नाही. शेठ इथवर मान डोलावतात. आता दुसरा प्रश्न टाकावा: "हिंगात काय असतं?"

"हिंगात हिंग असतं!"

नसतं. बाजारातलं बांधानी हिंग म्हणजे थोडं हिंग, डिंक आणि बरंचसं पीठ. बहुतेक वेळा गव्हाचं, कधी तांदळाचं. गोदामातून हिंगाचं पोतं किंवा डबा मागवावा आणि त्यावरची यादी शेठकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. 'मैदा' हा शब्द आला की कचेरीत जी शांतता पसरते, ती आपल्या धंद्यातली खरी कमाई. चिमूटभर हिंगापायी गहूही ठळक छापणं आलं. तो छापला नाही आणि तिकडच्या तपासणीत सापडला, तर माल दुकानांतून परत मागवतात. भाच्याचं जर्मन कितीही चोख असलं तरी हिंगाच्या डब्यात तो डोकावलेला नसतो. त्याला दिलेल्या कागदावर नुसतं 'हिंग' असतं, आणि त्याने त्याचं भाषांतर अगदी बरोबर केलेलं असतं.

दर शब्दावर सांगू नये. हा नियम मी तळतळून सांगतोय. लेबलावर शंभरेक शब्द असतात. शब्दाचा दर सांगितला की शेठ गुणाकार करतात आणि मग भाजीवाल्याशी बोलावं तसं बोलतात. दर लेबलावर सांगावा आणि छपाईपूर्वीची तपासणी त्यातच धरावी. अर्धं काम त्या तपासणीतच असतं. अक्षरं इतकी बारीक होतात की लहान 'x'ची उंची 1.2 मिलिमीटरही भरत नाही. मोठ्या पाकिटाला तेवढी लागतेच. पोषणाच्या तक्त्यात सोडियमच्या जागी मीठ लिहायचं राहून जातं. जर्मनीत दशांश चिन्ह स्वल्पविरामाचं असतं, आणि आर्टवर्कवाला तो चूक समजून मोठ्या प्रेमाने टिंब करून टाकतो.

अरबी लेबलाची परीक्षा अरबी न येताही घेता येते. अरबी लिपीत बहुतेक अक्षरं हात धरून चालतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की ती सुटी होतात आणि उलट्या दिशेने लागतात. शब्दातलं प्रत्येक अक्षर वेगळं उभं दिसलं, की छपाई थांबवावी.

आता वेळ साधण्याविषयी. पाऊच ग्रॅव्हूरवर छापायचा असेल, तर प्रत्येक रंगासाठी एक सिलिंडर कोरतात. सिलिंडर कोरून झाल्यावर तुम्ही गेलात, तर तुमचा प्रत्येक शहाणपणाचा शब्द शेठना खर्चाचा आकडा म्हणून ऐकू येतो. त्याआधी गेलात, तर एक सल्ला फुकट द्यावा: देशागणिक बदलणारा सगळा मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवा. मग जर्मनीनंतर फ्रान्सची ऑर्डर आली तरी काळा सिलिंडर तेवढा नवा, बाकीचे तेच. या एका वाक्याने शेठ जेवायला थांबवतात. थांबावं. स्वयंपाक उत्तम असतो आणि माणसंही मनाने मोठी, फक्त बिलाच्या तारखेशी त्यांचं जमत नाही.

म्हणून निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत आणि उरलेले छपाईची फाइल हाती देण्याआधी. 'कंटेनर लागू द्या, मग बघू' याला हसून नकार द्यावा. निघताना लोणच्याची बाटली हातात ठेवतील, ती जरूर घ्यावी. बिलातून मात्र वळती करू देऊ नये.