तपकिरी जोडी

घरात ३०० एमबीपीएसचा प्लॅन आला त्या दिवशी मी कौतुकाने संगणकावर वेग मोजला. ९४. संध्याकाळी मोजला, ९४. रात्री दोनला उठून मोजला, तरी ९४. शेवटी हिने विचारलं, "अहो, वेग मोजताय की ताप?"

कंपनीशी भांडायच्या तयारीत होतो, तेवढ्यात भाचा आला. म्हणाला, "मामा, नेट खराब असतं तर आकडा नाचला असता. ९४ला खिळलाय म्हणजे वायर शंभरवर अडकलीये. शंभरातून पाकिटांचा वरखर्च वजा जाता हातात एवढंच पडतं." मोबाइलवर, वायफायने, २८० येत होते. कंपनी निर्दोष सुटली.

त्याने Settings मधलं Ethernet उघडलं. Link speed समोर 100/100 (Mbps) असा कबुलीजबाबच होता. तो चहाला उठला तशी मी अक्कल चालवली. कार्डाच्या Speed & Duplex मध्ये Auto Negotiation होतं, ते बदलून 1.0 Gbps Full Duplex केलं. म्हटलं, हुकूम सोडला की पळेल. राउटरवरचा दिवाच विझला. भाच्याने न बोलता सेटिंग पूर्ववत केलं.

मग त्याने संगणक उचलून राउटरशेजारी नेला आणि हातभर लांबीची दुसरी केबल लावली. लगेच 1000/1000. दोन्ही पोर्ट ठणठणीत. उरली ती भिंतीवरून आलेली पंधरा मीटरची केबल. अंगावर CAT5E छापलेलं, म्हणजे हजारासाठी घराणं उत्तम. टेस्टर लावला तर सहापर्यंत दिवे लागले, सात-आठ अंधारात.

पारदर्शक प्लग डोळ्यांशी धरला तेव्हा चोरी दिसली. सहा तारा सोनेरी पात्यांखाली शिस्तीत बसल्या होत्या. पांढरी-तपकिरी आणि तपकिरी मात्र आखूड कापल्यामुळे मागेच घुटमळत होत्या. शंभरला १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा पुरतात. हजाराला आठही लागतात. गंमत म्हणजे वेगाची बोलणी होतात तीही त्या पुरणाऱ्या तारांवरच. दोन्हीकडची मंडळी हजाराला होकार देतात, ऐन वेळी तपकिरी जोडी गैरहजर निघते, आणि मुकाट शंभरावर तडजोड होते. काही कार्डं तर तडजोडही करत नाहीत, संबंधच तोडतात.

"पण तीन वर्षं कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"तुमचा जुना प्लॅन पन्नासचा होता ना! त्याला शंभरची वायर म्हणजे चैनच."

भाच्याने जुना प्लग कापला, आठही तारा एका रेषेत छाटल्या, नव्या प्लगच्या टोकापर्यंत सरकवल्या आणि क्रिंपरने दाबल्या. 1000/1000 दिसलं. वेग २८७.

ही सगळं दारातून ऐकत होती. कापलेला प्लग हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे काम न करता नुसतं आत जाऊन बसायचं, आणि कामच कमी असल्यामुळे कुणाला कळायचं नाही." मग माझ्याकडे बघितलं. "रविवारी माळा काढायचाय."