हप्ता-विसर्जनाचा शास्त्रोक्त विधी

आमच्या मढमध्ये लग्नं दोन तऱ्हांनी मोडतात. बंगल्यांत मालिकांचं शूटिंग चालतं तिथं ती जेवणाच्या सुट्टीआधी मोडतात आणि संध्याकाळी त्याच दोघांना पुन्हा हळद लागते. गावात मात्र मोडायला वर्षं जातात. आणि मोडल्यावरही दोघं दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता एकत्र येतात, पासबुकाच्या एका ओळीत. त्या ओळीच्या सुरुवातीला ACH D- असं छापलेलं असतं.

मी तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली. आता निवृत्त आहे, म्हणजे तेच काम घराच्या ओट्यावर फुकट करतो. लोक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन येतात आणि म्हणतात, "काका, हे सगळं बंद करा." हे 'सगळं' म्हणजे काय, हे त्यांना माहीत नसतं. म्हणून इच्छुकांच्या सोयीसाठी हा विधी लिहून ठेवतो.

उदाहरणाला एक जोडपं घेऊ. नावं नकोत, इथे नाव घेतलं की पहिल्या फेरीबोटीने ते वर्सोव्याला पोचतं. तो होडीवर जातो, ती मालाडला नोकरीला. बसने रोज जाऊन-येऊन. तिचा पगार संयुक्त खात्यात येतो. त्याची कमाई रोख, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते त्या काळात तीही नाही. खात्यातून चार गोष्टी जातात. 5 तारखेला घरदुरुस्तीच्या कर्जाचे 11,400. 7 तारखेला तिच्या नावच्या एसआयपीचे 2,000. 18 तारखेला मुलाच्या कार्टूनचे 199. आणि 20 तारखेला त्याच मुलाच्या आवर्ती ठेवीचे 1,000.

पहिली पायरी: पासबुकाचं पहिलं पान उघडावं. शेवटचं नव्हे. शेवटच्या पानावर शिल्लक असते, भांडण पहिल्या पानावर असतं. तिथं खातं चालवायची पद्धत छापलेली असते. बहुतेक घरांत ती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी असते. खातं उघडताना हे वाक्य कुणीच वाचत नाही, कारण तेव्हा 'हयात' या शब्दाने फार तर हसू येतं. त्याचा अर्थ असा, की एकाची सही पुरते. पैसे काढायला पुरते, नवा हप्ता लावायला पुरते, आणि नियमाने पाहिलं तर लावलेला थांबवायलाही पुरते. पद्धत 'दोघांनी मिळून' अशी असेल तर प्रत्येक कागदावर दोन सह्या लागतात. मग विधी इथेच थांबवून आधी एकमेकांशी बोलावं लागतं, आणि ते जमत असतं तर तुम्ही माझ्या ओट्यावर आला नसता.

एक गोष्ट मात्र एकाच्या सहीने होत नाही: पद्धत बदलणं आणि खात्यातून नाव काढणं. त्याला दोघांच्या सह्या लागतात. 'आम्ही आता वेगळे राहतो' हे बँकेला ऐकूही येत नाही. बँकेच्या लेखी नवराबायको ही कॅटेगरीच नसते, फक्त पहिला खातेदार आणि दुसरा खातेदार. मढच्या किल्ल्यासारखं आहे हे. दिसतो सगळ्या गावाला, पण तो हवाई दलाच्या ताब्यात, परवानगीशिवाय आत पाऊल नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक ओळीसमोर लिहावं की ती कोणी लावली. इथेच नव्वद टक्के लोक चुकतात (हा आकडा माझ्या ओट्याचा, सरकारी नव्हे). सगळ्या कपाती पासबुकात एकसारख्या दिसतात, पण त्यांचे जन्म वेगवेगळ्या घरांत झालेले असतात.

कर्जाचा हप्ता नॅचवर असतो. ती यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. वित्त कंपनीने तुमच्याकडून एका फॉर्मवर सही घेतलेली असते, त्या मान्यतेला यूएमआरएन नावाचा क्रमांक मिळतो, आणि त्याच्या जोरावर कंपनी दर महिन्याला पैसे मागते. बँक ते देते. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात: नवीन, बदल, रद्द. बहुतेकांना पहिला तेवढा आठवतो. तोच फॉर्म, तोच क्रमांक आणि 'रद्द'वर खूण, एवढं तुमच्या शाखेत देता येतं. सही त्याची असली तरी खातं 'दोघांपैकी कोणीही' असेल तर तिचा अर्ज चालायला हवा. प्रत्यक्षात काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "ज्यांनी सही केली त्यांना घेऊन या." तेव्हा वाद घालू नये. खात्याची पद्धत दाखवावी, अर्ज लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्यावी. तो शिक्का जपून ठेवावा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तोच लागतो.

कार्टूनचे 199 यूपीआय ऑटोपेचे. ते त्याच्या फोनवर, त्याच्या पिनने लागले. खातं दोघांचं असलं तरी पिन एकट्याचा. त्यामुळे ही मान्यता तिच्या फोनवर दिसतही नाही आणि तिला ती काढताही येत नाही. कपातीआधी चोवीस तास सूचना येते, तीही त्याच्याच फोनवर. म्हणजे जो बघतो त्याला थांबवायचं नाही आणि जिला थांबवायचं आहे तिला दिसत नाही. एसआयपीचं उलटं. ती तिने तिच्या नेटबँकिंगमधून लावली, तेव्हा तिनेच फंडाकडे बंद करावी आणि मागची मान्यताही वेगळी रद्द करावी. एसआयपी थांबली की मान्यता आपोआप मरते असं नाही. ती झोपून राहते. आवर्ती ठेव मात्र बँकेच्या घरातलीच. तिच्या कपातीला स्थायी सूचना म्हणतात. शाखेत एका अर्जाचं काम, दोघांपैकी कोणीही करावं. मुलाची ठेव असल्याने दोघंही करत नाहीत.

आता विधीतला अवघड भाग. इथे रागाचा उपयोग नाही, क्रमाचा आहे.

रागावलेल्या माणसाला दोन उपाय सुचतात. पहिला: "सगळे पैसे काढून घेते, मग बघू कोण हप्ता घेतो." पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा 2007 सालचा. त्याच्या कलम 25 प्रमाणे खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला, तर रीतसर नोटीस येते, पंधरा दिवस मिळतात, आणि तरी भरला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सही त्याची, म्हणून नोटीस त्याच्या दारात. पण कर्जात ती सहकर्जदार असेल तर सिबिलचा अहवाल दोघांचाही बिघडतो. खातं वेगळं करता येतं, कर्ज नाही. दुसरा उपाय: "खातं गोठवून टाका." एका खातेदाराने वाद असल्याचं लेखी कळवलं तर बँका बहुधा तेच करतात, पुढचे व्यवहार दोघांच्या सहीनेच. त्याने भावना शांत होतात. पण 5 तारखेचा हप्ताही गोठतो, आणि दुपारी दंडाची एक ओळ येते, तिला कुणाचीच सही लागत नाही.

म्हणून माझ्या ओट्यावर क्रम उलटा चालतो. जाणारं थांबवायच्या आधी येणारं वळवावं. आमच्या जोडप्यातली ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. तिला म्हटलं, आधी स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं उघड आणि ऑफिसात पगारासाठी तोच नंबर दे. या कामाला त्याची सही लागत नाही. पगार हलला की निम्मं भांडण जागच्या जागी संपतं. दुसरं, शाखेत तुझा मोबाइल सूचनांसाठी नोंदवून घे, नाहीतर या खात्याच्या बातम्या तुला शेजारणीकडून कळतील.

मग हप्त्याचं. कर्ज त्याने फेडायचं असं दोघांत ठरलं होतं. 12 ऑगस्टला त्याने वित्त कंपनीला आपल्या नव्या खात्याचा फॉर्म दिला. अशी अदलाबदल नोंदायला दिवस जातात, तेव्हा 5 सप्टेंबरचा हप्ता जुन्याच खात्यातून जाणार, हे गृहीत धरून दोघांनी अर्धे-अर्धे करून 11,400 तिथं ठेवले. 5 ऑक्टोबरला नव्या खात्यात ACH D- ही ओळ दिसली. तेव्हाच, त्याच्या आधी नाही, जुनी मान्यता रद्द करायचा अर्ज दिला. जे लोक आधी रद्द करतात आणि मग नवीन लावतात त्यांचा मधला महिना हवेत लटकतो.

रद्द खरंच झालं का, हे कळायची खूण: पुढच्या 5 तारखेला जुन्या खात्यात काहीच दिसता कामा नये. पैसे गेले नाहीत पण दंडाची ओळ आली, तर खूष होऊ नका. त्याचा अर्थ बहुधा हा, की मान्यता जिवंतच आहे, कंपनीने पैसे मागितले आणि खातं रिकामं निघालं.

कोर्टात गेलेल्यांसाठी एक वाक्य जास्त. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात संमतीच्या अटी लिहिताना कुठला हप्ता कोण भरणार, कोणत्या खात्यातून, कोणत्या महिन्यापासून, हे क्रमांकासकट लिहून घ्यावं. वकील 'पत्नीचा कर्जाशी संबंध राहणार नाही' असं गोड वाक्य लिहितात. ते नवऱ्याला बांधतं, वित्त कंपनीला नाही. कंपनीच्या कागदांवर दोन कर्जदार आहेत आणि तिने कुणाला सोडलेलं नाही. सोडवायचं असेल तर कंपनीकडून लेखी घ्यावं लागतं.

आमच्या जोडप्याच्या चारपैकी तीन ओळी डिसेंबरपर्यंत मिटल्या. 199 राहिले. तो म्हणाला, "काका, मी बंद केलं तर पोरगं म्हणेल बाबाने केलं." ती म्हणाली, "मला तर करताच येत नाही, तुम्हीच सांगितलंत." म्हणून दोघं जुन्या खात्यात महिन्याला शंभर-शंभर टाकतात. वर्षाला बारा रुपये उरतात. त्यावर व्याज किती पडतं, हे मुलाने मला परवा विचारलं.