शेऱ्याच्या रकान्यातले गुरुजी

शिक्षकाच्या टाचणवहीत शेवटचा रकाना सर्वांत अरुंद असतो. तारीख, तास, घटक, अध्ययन निष्पत्ती, शैक्षणिक साधने आणि गृहपाठ यांनी आपापली जागा बळकावल्यावर पानाची जी कड उरते, तिच्या डोक्यावर ‘शेरा’ किंवा ‘चिंतन’ असे लिहिलेले असते. तिथे बहुतेक जण ‘पाठ समाधानकारक झाला’ एवढे लिहून मोकळे होतात. काही जण ते शनिवारी, वही मुख्याध्यापकांच्या सहीला जायच्या आधी, सगळ्या आठवड्याचे एकदम लिहितात. सोमवारीच आठवडाभराचे समाधान नोंदवून टाकणारेही असतात. त्यांचा आत्मविश्वास वेगळा.

पण दहा शाळा धुंडाळल्या तर एखादे गुरुजी असे सापडतात, ज्यांना हा रकाना पुरत नाही. त्यांची टाचणवही जूनमध्ये इतरांसारखीच सडपातळ असते आणि दिवाळीपर्यंत बाळसे धरते, कारण पानापानाला चिठ्ठ्या डकवलेल्या असतात. तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी हे फळ्याशी पाठ टेकून काहीतरी खरडत असतात. “सर, निघा आता.” “एक मिनिट हं बाई, विसरायच्या आत लिहितो.” ते मिनिट गुरुजींचे असते, घड्याळाचा त्याच्याशी संबंध नाही.

शिक्षकखोलीत त्यांची थट्टा ठरलेली. “सर, बी.एड. होऊन जमाना झाला. आता कोण तपासतंय?” यावर गुरुजी शांतपणे हर्बार्टच्या पंचपदीकडे वळतात आणि समोरचा चहा निवतो. पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. या पाच पायऱ्यांवर पाठ रचायला शिक्षकांच्या पिढ्याच्या पिढ्या शिकल्या. पण उपयोजन झाले की जिना संपतो. पाठ पडला की उभा राहिला हे बघायची सहावी पायरी कुठे आहे, असा गुरुजींचा सवाल असतो. तोवर घंटा होते, म्हणून उत्तर कोणाला द्यावे लागत नाही.

हेच गुरुजी पूर्वी इतरांसारखेच लिहीत. पाचवीच्या दशांश अपूर्णांकांवर त्यांचा जुना शेरा आजही वहीत आहे: ‘रुपये-पैशांच्या उदाहरणांमुळे घटक सोपा झाला. विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’ पुढे घटक चाचणी झाली. ०.८ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला उत्स्फूर्त प्रतिसाद देणाऱ्या निम्म्याहून जास्त वर्गाने ०.३५ ला गोल केला. गुरुजींनी एकाला जवळ बसवून विचारले तेव्हा त्याने उलट गुरुजींनाच विचारले, “सर, पस्तीस मोठे की आठ?”

गुरुजींनी मग वही उलटी चाळली आणि गुन्हेगार सापडला. उदाहरणांसाठी त्यांनी मांडलेल्या दुकानातल्या सगळ्या किमती ४.५०, ७.२५, १२.७५ अशा होत्या. चिन्हापुढे प्रत्येक ठिकाणी दोनच अंक. अशा जोडीत दशांश चिन्ह झाकून ठेवले तरी तुलना बरोबर येते. चार रुपये पन्नासपेक्षा सात रुपये पंचवीस जास्त, हे कळायला दशांश समजावा लागत नाही. वर फळ्यावर वाचताना स्वतः गुरुजी ‘पॉइंट पस्तीस’ म्हणत होते. ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’ म्हटले असते तर पस्तीस ही संख्या मुलांच्या कानावर पडलीच नसती. आणि पैसे तरी कुठले? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. मुलांच्या लेखी पैसा म्हणजे ऐकीव माहिती. ०.८ रुपया म्हणजे ऐंशी पैसे की आठ पैसे, हा प्रश्न त्यांना पडणार कुठून?

इथून गुरुजींच्या शेऱ्याची भाषा बदलली. ‘आवडले’, ‘रमली’, ‘आनंददायी’ हे शब्द बंद. त्यांच्या जागी कोणी काय लिहिले आणि का लिहिले. त्यासाठी मुलांच्या चुकलेल्या उत्तरांचे तुकडे ते वहीत चिकटवतात, आणि बरोबर उत्तरांचेही, कारण विश्वास तर त्यांच्यावरही ठेवता येत नाही.

हे त्यांना पुढच्या बॅचच्या वेळी कळले. त्या वर्षी दुकान बंद करून त्यांनी चौकटीच्या वहीच्या कागदावर दहा गुणिले दहाचा चौरस आखून घेतला. उभी पट्टी म्हणजे एक दशांश, एक घर म्हणजे एक शतांश. ०.८ साठी आठ पट्ट्या रंगवायच्या, ०.३५ साठी तीन पट्ट्या आणि वर पाच घरे. दोन कागद शेजारी ठेवले की वाद मिटतो. चाचणीत जवळपास सगळा वर्ग बरोबर आला. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. यांनी एका हुशार मुलीला सहज विचारले, ०.४ मोठा की ०.७३? ती म्हणाली, “०.४. शतांश म्हणजे बारीक तुकडे ना सर, मग ते लहानच.”

चाचणीतल्या प्रत्येक जोडीत मोठी संख्या कमी अंकांची होती. ‘आखूड ते मोठे’ एवढा एकच चुकीचा नियम धरून कोणीही पैकीच्या पैकी गुण मिळवू शकत होते. मेलबर्न विद्यापीठात केय स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी दशांशांच्या तुलनेतल्या याच गफलतींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. लांब ते मोठे मानणारी मुले आणि आखूड ते मोठे मानणारी मुले, असे दोन्ही गट त्यांना सापडले. गुरुजींनी त्या दिवशी चिठ्ठी डकवली: ‘चौरस चालले, ठेवायचे. प्रश्न भोळे होते, बदलायचे. जोड्या: ०.८–०.३५, ०.४–०.७३, ०.५–०.५०.’ आणि खाली, जरा चिडक्या अक्षरात: ‘चौरस आखण्यात अख्खा तास गेला. पुढच्या वर्षी आखलेले कागद आधी तयार.’

एका वर्षी एकच मोठा बदल, हा त्यांचा दंडक आहे. कागद, प्रश्न, बैठक सगळेच बदलले तर कशाने फरक पडला हे कळत नाही. तरीही खात्री नसतेच. नवी मुले मुळातच वेगळी असू शकतात. म्हणून गुरुजींच्या चिठ्ठीला दोन बाजू असतात: ‘पाठामुळे’ आणि ‘मुलांमुळे’. दुसरी बाजू ते बहुधा कोरी ठेवतात. मुलांना दोष देण्याची ती जागा अपार मोहक असते, असे ते म्हणतात.

एवढी मशागत झाल्यावर जूनमध्ये मुख्याध्यापिकांनी त्यांना सातवी दिली. तीन बॅचचे शहाणपण पाचवीच्या पानांत अडकले. पाचवीच्या नव्या बाईंनी ती पाने मागून नेली, झेरॉक्स काढली आणि पहिल्याच आठवड्यात रंगवण्याची कृती गाळून तयार रंगीत पट्ट्या आणल्या. गुरुजी दुखावले, पण क्षणभरच. मधल्या सुट्टीत त्यांनी बाईंना गाठले आणि विचारले, “०.४ आणि ०.७३ ची जोडी विचारली का हो?” बाईंनी विचारली नव्हती. त्यांच्या शेऱ्यात लिहिले होते: पाठ समाधानकारक झाला.